दौऱ्याच्या मंजुरीचा अर्ज : जुन्या नमुन्यावर विसंबू नका

पुण्यातील एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात असताना मी राजकोटजवळच्या शापर येथील फाउंड्रीला भेट देण्यासाठी पहिला अर्ज केला, आणि तो व्यवस्थापकांनी त्याच दिवशी परत पाठवला. ‘पुरवठादाराशी चर्चा’ एवढाच उद्देश मी लिहिला होता, आणि चर्चा तर फोनवरही होते, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. दुसऱ्या अर्जात मी लिहिले की कास्टिंगमधील सूक्ष्म छिद्रे मशिनिंग झाल्यावरच दिसतात, आणि त्यांचे कारण शोधायचे तर ओतकाम चालू असताना धातूचे तापमान व साच्याच्या वाळूतील ओलावा समोर उभे राहून मोजावा लागतो. आमच्या प्रकारचे ओतकाम तेथे फक्त मंगळवारी आणि बुधवारी होत असे, म्हणून सोमवारी संध्याकाळी पोहोचून बुधवारी रात्री परतायचे, असा कार्यक्रम त्यातूनच ठरला.

अपेक्षित लाभ आकड्यांत मांडा. महिन्याला ४,००० नगांपैकी शेकडा ७ बाद होत होते. फाउंड्री बदली कास्टिंग देई, पण प्रत्येक नगावर झालेला १८० रुपयांचा मशिनिंगचा खर्च आमच्याच माथी बसे. हे प्रमाण ३ वर आले तर दरमहा २८,८०० रुपये वाचतील, असे मी लिहिले आणि ते ‘येईलच’ असे मात्र लिहिले नाही. असे वचन कधीही देऊ नका.

माझी खरी फसगत खर्चाच्या अंदाजात झाली. एका वरिष्ठांनी आपुलकीने त्यांचा जुना अर्ज दिला आणि त्यातला टॅक्सीचा १,५०० रुपयांचा आकडा मी तसाच उतरवला. तो अर्ज राजकोटचा विमानतळ शहरात होता तेव्हाचा होता. २०२३ पासून विमाने हिरासरला उतरतात. ते शहरापासून सुमारे ३० किलोमीटर दूर, अहमदाबादच्या रस्त्यावर आहे, तर शापर शहराच्या दुसऱ्या बाजूला, गोंडलच्या रस्त्यावर. विमानतळावरून येणे-जाणे आणि दोन्ही दिवस हॉटेल ते फाउंड्री असा प्रवास धरता टॅक्सीलाच ६,५०० रुपये लागले. तिकिटे ११,०००, करासह दोन रात्रींचे हॉटेल ५,९०० आणि तीन दिवसांचा दैनिक भत्ता २,४०० धरून मंजुरी २०,८०० रुपयांची होती. खर्च २५,८०० झाला. वरच्या ५,००० रुपयांसाठी नव्याने मंजुरी घ्यावी लागली आणि ते दोन महिन्यांनी हाती आले. पगार नवा असताना ते दोन महिने फार जड गेले.

म्हणून वरिष्ठांकडून अर्जाची मांडणी अवश्य घ्या, आकडे घेऊ नका. प्रत्येक टप्प्याचे अंतर स्वतः पाहा, टॅक्सीचा दर फाउंड्रीतील माणसालाच विचारा आणि तिकिटाच्या दरापुढे तो पाहिल्याची तारीख लिहा, कारण मंजुरी येईपर्यंत तो वाढलेला असू शकतो. रक्कम मोठी दिसली तर अर्ज फेटाळला जाईल ही भीती मलाही होती. पण माझ्या व्यवस्थापकांनी नंतर सांगितले की २५,८०० रुपयांनाही त्यांनी सही केली असती.