एकाच झुडपावरचे दहा भुंगे: उत्क्रांतीच्या स्लाइडमध्ये नैसर्गिक निवड आणि जनुकीय विचलन वेगळे कसे दाखवावे

उत्क्रांतीच्या बहुतेक स्लाइडमध्ये दोनच चित्रे असतात: आधी हिरवे आणि तपकिरी भुंगे सारखे, नंतर तपकिरी जास्त. हेच चित्र नैसर्गिक निवडीच्या स्लाइडवर चालते आणि जनुकीय विचलनाच्या म्हणजे जेनेटिक ड्रिफ्टच्या स्लाइडवरही चालते, आणि म्हणूनच ते या दोहोंतला फरक शिकवू शकत नाही. फरक परिणामात नसून कारणात असतो: निवडीत रंगामुळेच जगण्यात किंवा संततीत फायदा होतो, तर विचलनात प्रमाण निव्वळ योगायोगाने बदलते. हे कारण दिसण्यासाठी तीच गोष्ट अनेकदा घडताना दाखवावी लागते.

नागपुरातील विद्यार्थ्यांसाठी सेमिनरी हिल्सच्या उतारावरचे एक एकटे झुडूप आणि त्यावरचे 5 हिरवे व 5 तपकिरी भुंगे कल्पावेत. दर पिढीत 10 नवे भुंगे जन्मतात, जुने मरतात आणि प्रत्येक नव्या भुंग्याला रंग एकाच पालकाकडून मिळतो, हे सोपे गृहीतक पहिल्या स्लाइडवर स्पष्ट लिहावे. दोन्ही रंगांचे भुंगे एकाच आकाराचे काढावेत, कारण तपकिरी भुंगा थोडा जरी मोठा दिसला तरी विद्यार्थी त्याला बलवान समजतात आणि विचलनाच्या चित्रातही निवडच वाचतात.

दुसऱ्या स्लाइडवर पुढच्या पिढीत 7 तपकिरी आणि 3 हिरवे भुंगे दाखवून कारण विचारावे. इथे योग्य उत्तर ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ हेच आहे. रंगाचा जगण्याशी काहीही संबंध नसला, तरी दहाच्या गटात पुन्हा नेमके 5–5 येण्याची शक्यता सुमारे 25 टक्केच असते आणि कुठल्या तरी एका रंगाचे 7 किंवा त्याहून अधिक भुंगे होण्याची शक्यता सुमारे 34 टक्के असते. उलट, बुलबुल हिरव्या भुंग्यांना अधिक टिपत असल्याने त्यांचा संततीतला वाटा प्रत्येकी निम्मा झाला, तरी सुमारे 8 टक्के वेळा हिरव्यांची संख्या त्याच पिढीत वाढलेली दिसेल.

यानंतर एकसारखी सहा झुडपे 20 पिढ्या चालवून पाहावीत. एक्सेलच्या पहिल्या ओळीत A1 ते F1 या सहा रकान्यांत 5 हा आकडा भरावा. ही तपकिरी भुंग्यांची संख्या आहे. मग A2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते F21 पर्यंत ओढावे:

```
=IF(OR(A1=0,A1=10),A1,BINOM.INV(10,A1/10,RAND()))
```

हे निव्वळ विचलन झाले. दुसऱ्या शीटवर तीच मांडणी ठेवून फक्त हिरव्यांचा वाटा निम्मा करावा:

```
=IF(OR(A1=0,A1=10),A1,BINOM.INV(10,A1/(A1+0.5*(10-A1)),RAND()))
```

दोन्हींचे आलेख शेजारी-शेजारी ठेवावेत. प्रत्येक बदलाबरोबर RAND() नवे आकडे देते, म्हणून मिळालेला आलेख स्लाइडवर चित्र म्हणून चिकटवावा, नाहीतर बोललेले आणि पडद्यावरचे जुळणार नाही. मात्र सोयीचा आलेख मिळेपर्यंत F9 दाबत बसणे टाळावे. पहिल्या आलेखात काही रेषा वर 10 ला तर काही खाली 0 ला जाऊन थांबतात, तर दुसऱ्यात जवळजवळ सगळ्या वर जातात. रंगाचा काहीही प्रभाव नसताना सहाही झुडपे शेवटी तपकिरीच होण्याची शक्यता 64 मध्ये 1 इतकीच असते. विद्यार्थ्याला निवडीचा पुरावा दिसतो तो सगळ्या रेषा अशा एकाच दिशेने जाण्यात.

दुसऱ्या आलेखाला ‘फक्त निवड’ असे शीर्षक देऊ नये. दहाच्या गटात विचलन कधी थांबत नाही, तिथे निवड आणि विचलन दोन्ही चालू असतात, आणि रेषांचे हेलकावे हे त्याचेच लक्षण आहे. तसेच विचलन म्हणजे वादळात फांदी मोडून निम्मे भुंगे मरणे, एवढेच चित्र दाखवू नये. पहिल्या आलेखात कुठलेही संकट आलेले नाही. कोणाची किती संतती झाली यातला योगायोगच पुरेसा ठरला. पहिल्याच सूत्रात 10 च्या जागी सर्वत्र 1000 आणि सुरुवातीला 500 घातले, तर 20 पिढ्यांनंतरही रेषा मध्याच्याच आसपास राहतात आणि गटाच्या आकाराचा परिणाम वेगळे न सांगता दिसतो.

शेवटच्या स्लाइडवर खरा प्रयोग ठेवावा. पीटर ब्यूरी यांनी 1956 मध्ये फळमाशीच्या 107 छोट्या गटांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक गटात दर पिढीला 16 माश्या होत्या आणि डोळ्यांच्या रंगाच्या जनुकाची दोन रूपे सुरुवातीला निम्मी-निम्मी होती. 19 पिढ्यांनंतर 30 गटांतून त्यांपैकी एक रूप नाहीसे झाले होते आणि 28 गटांत तेच एकटे उरले होते. इथे एका बाजूला 30 आणि दुसऱ्या बाजूला 28 हे जवळजवळ सारखे आकडे ठळक करावेत, कारण त्या रूपाला जगण्यात मोठा फायदा किंवा तोटा असता, तर एक आकडा दुसऱ्याहून खूप मोठा आला असता.