लिफ्ट चार्ट बघून कुठे थांबायचं?

मार्केटिंगच्या कामात नवीन आलेली मंडळी कोण खरेदी करेल याचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचा एयूसी, म्हणजे ते खरेदीदारांना इतरांच्या वर किती चांगलं लावतं याचा आकडा, सांगतात, आणि कॅम्पेन चालवणारा विचारतो, "ते ठीक आहे, पण फोन किती जणांना करू?" या प्रश्नाचं उत्तर गेन आणि लिफ्टमध्ये मिळतं. मात्र एका ठिकाणी हमखास गल्लत होते, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन सांगतो.

समजा, १,००,००० ग्राहक आहेत आणि सगळ्यांना फोन केला तर २,००० जण, म्हणजे २%, खरेदी करतील. ट्रेनिंगमध्ये न वापरलेल्या डेटावर मॉडेलचा स्कोअर काढा, उतरत्या क्रमाने लावा आणि दहा सारखे गट पाडा. हेच डेसाइल. पहिल्या गटात ६४० खरेदीदार सापडले. एकूण खरेदीदारांपैकी ३२% इथेच आले, हा गेन. गटाचा दर ६.४%, म्हणजे सरासरीच्या ३.२ पट, ही लिफ्ट. पुढच्या तीन गटांत अनुक्रमे ४००, २६० आणि १९० खरेदीदार आहेत.

आता पैशाचं बघू. एका फोनचा खर्च १ धरा आणि एका खरेदीमागचा नफा ४०. म्हणजे फोन परवडायला गटाचा दर किमान २.५% हवा, लिफ्टच्या भाषेत १.२५. तिसऱ्या गटाचा दर २.६%, जेमतेम निभावतो. चौथ्याचा १.९%, म्हणजे तोटा.

गल्लत होते ती इथे. अनेक चार्ट एकत्रित लिफ्ट दाखवतात. पहिल्या चार गटांची मिळून ती १.८६ येते, १.२५ च्या बरीच वर, त्यामुळे चौथा गटही घ्यावासा वाटतो. पण आधीच्या गटांची कमाई चौथ्याचा तोटा झाकते. तीन गटांवर थांबलात तर नफा २२,०००. चौथा घेतलात तर १९,६००. सगळ्यांनाच फोन केले तर २०,००० चा तोटा. म्हणून प्रत्येक गटाची स्वतंत्र लिफ्ट काढून घ्याच.

पहिल्या गटाची लिफ्ट ९ च्या आसपास आली तर मी आधी फीचर तपासतो. दहा गटांत ती १० च्या वर जाऊच शकत नाही, आणि इतकी जवळ गेली की बहुधा खरेदीनंतर भरली जाणारी एखादी माहिती मॉडेलमध्ये शिरलेली असते.

आणि हे ६४० जण फोनमुळेच खरेदी करतील असं हा चार्ट सांगत नाही. त्यासाठी पहिल्या तीन गटांतले काही ग्राहक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून त्यांना फोन करू नका. त्यांच्यातही पहिल्या गटात ५% लोकांनी आपणहून खरेदी केली, तर फोनची खरी कमाई १.४ टक्क्यांचीच, आणि मग २.५% च्या हिशेबात हा गटसुद्धा बसत नाही.