बॉण्ड दोन वर्षांचा, पण मोजायचा कधीपासून? कॅम्पसच्या ऑफर लेटरबाबत या चुका टाळा

आमच्या नात्यातली, इंदूरच्या रामबागेत राहणारी एक मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना कॅम्पसमधून मिळालेले ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे आली होती. "काका, पॅकेज चार लाख वीस हजारांचं आहे आणि बॉण्ड फक्त दोन वर्षांचा. बाबांना जामीनदार म्हणून सही करायची आहे, तेवढं एकदा बघाल का?" पीथमपूरच्या एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात मी बरीच वर्षे काढली असून अशी पत्रे तयार करण्याचे काम माझ्याकडेही असे. त्यामुळे मी पॅकेजचा आकडा बाजूला ठेवला आणि आधी तीन कलमे शोधली: प्रशिक्षण किती काळ, सेवेत कायम केव्हा करणार आणि बॉण्डची मुदत कोणत्या तारखेपासून सुरू होणार. ही तीन कलमे पत्रात तीन वेगवेगळ्या पानांवर असतात आणि मुले ती वेगवेगळीच वाचतात. पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक: मुदत वाचणे, पण तिची सुरुवात न वाचणे

तिच्या पत्रात रुजू होण्याची तारीख 1 जुलै 2025 होती. सहा महिने प्रशिक्षण, त्यानंतर सहा महिने प्रोबेशन आणि मग सेवेत कायम, असा क्रम होता. बॉण्डचे कलम असे सांगत होते की, प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याच्या तारखेपासून दोन वर्षे कर्मचाऱ्याने नोकरी सोडू नये. सोडल्यास दीड लाख रुपये भरावेत.

कॅलेंडर समोर ठेवले तर प्रशिक्षण 31 डिसेंबर 2025 रोजी संपते आणि बॉण्ड 31 डिसेंबर 2027 पर्यंत चालतो, म्हणजे तो प्रत्यक्षात अडीच वर्षांचा आहे. हीच मुदत रुजू झाल्यापासून मोजली असती तर 30 जून 2027 रोजी संपली असती आणि सेवेत कायम झाल्यापासून मोजली असती तर 30 जून 2028 पर्यंत लांबली असती. तिन्ही ठिकाणी लिहिलेले असते "दोन वर्षे"च. शिवाय "यशस्वीरीत्या" हा शब्द सहज म्हणून घातलेला नसतो. प्रशिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेत कमी गुण मिळाले आणि प्रशिक्षण तीन महिन्यांनी वाढले, तर कमी पगाराचा काळ वाढतो आणि बॉण्डचा शेवटही तेवढाच पुढे सरकतो. म्हणून मुदतवाढ जास्तीत जास्त किती वेळा होऊ शकते आणि त्या काळात बॉण्डचे काय होते, हे लेखी विचारावे.

दुसरी चूक: कायम झाल्यानंतरचा पगार आजचा समजणे

पत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असलेले 4,20,000 रुपये हे सेवेत कायम झाल्यानंतरचे वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा एका कर्मचाऱ्यामागचा वर्षाचा एकूण खर्च होता. प्रशिक्षणात महिना 12,000 रुपये स्टायपेंड आणि प्रोबेशनमध्ये 20,000 रुपये, हे परिशिष्टात लिहिलेले होते. पहिल्या वर्षाचा हिशेब सरळ आहे: सहा महिन्यांचे 72,000 आणि पुढच्या सहा महिन्यांचे 1,20,000, म्हणजे कपातीपूर्वी एकूण 1,92,000 रुपये. कॉलेजच्या सूचनाफलकावर लागलेल्या आकड्याच्या निम्मेदेखील नाहीत.

कायम झाल्यावरही महिना 35,000 हातात येत नाहीत. त्या 4,20,000 मध्ये कामगिरीवर अवलंबून असलेले 42,000 आणि बॉण्ड पूर्ण केल्यावरच मिळणारा 60,000 चा रिटेन्शन बोनस धरलेला होता. मूळ वेतन 15,000 असल्याने कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी वर्षाला 21,600 होत होता. ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ता मिळून आणखी 14,400. हे सगळे वजा केले की वर्षाला 2,82,000, म्हणजे महिना 23,500 उरतात. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचे 1,800 निधीत गेले की 21,700, आणि व्यवसाय कर त्यानंतर. घरापासून दूर भाड्याची खोली घेणाऱ्याने आपला महिना या आकड्यावर बसवून पाहावा.

सेवेत कायम होणे आपोआप घडेल असे धरून चालणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. पत्रात "लेखी आदेश मिळेपर्यंत प्रोबेशन सुरू राहील" असे वाक्य असेल, तर बारा महिने उलटले तरी पगार 20,000 वरच थांबू शकतो. मुदत संपण्याच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवून कन्फर्मेशनचे पत्र मागावे. तोंडी विचारणा पुढे कुठेच दाखवता येत नाही.

तिसरी चूक: बॉण्ड बेकायदाच असतो, असे ऐकून सही करणे

"बॉण्डला कोर्टात काही किंमत नाही, कर सही," असा सल्ला सिनिअर मुले देतात. तो अर्धवट आहे. कंपनी कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, हे खरे. पण भरपाई मागू शकते. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढी रक्कम देववते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. मात्र ती सरकारी बँक होती, तिची भरतीप्रक्रिया खर्चिक होती आणि पद वरिष्ठ अधिकाऱ्याचे होते. बारा हजार स्टायपेंड घेणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला तो निर्णय जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण "काही होत नाही" असे म्हणण्याची सोय मात्र त्यानंतर उरलेली नाही.

प्रत्यक्षात गोष्ट न्यायालयापर्यंत क्वचितच जाते. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब अडतो आणि पुढची कंपनी नेमके तेच पत्र मागते. अशा वेळी प्रशिक्षणावर खरोखर किती खर्च झाला याचा तपशील लेखी मागावा आणि पूर्ण केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी करण्याची विनंती करावी. बॉण्डच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर 3 ऑगस्ट 2022 चे परिपत्रक क्रमांक 178/10/2022 दाखवावे. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल भरलेल्या अशा रकमेवर जीएसटी लागत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जामीनदाराच्या सहीची. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोएवढीच असते, म्हणजे कंपनी थेट वडिलांकडे मागणी करू शकते. कोरा धनादेश आणि मूळ गुणपत्रिका तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवावेत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घ्यावेत.

बऱ्याचदा ऑफर लेटरमध्ये "सेवा करार रुजू होताना करण्यात येईल" एवढेच असते आणि स्टॅम्प पेपर पहिल्या दिवशी, गावाबाहेरच्या कार्यालयात, सामानाची बॅग शेजारी असताना समोर येतो. तेव्हा नाही म्हणणे फार कठीण असते. म्हणून कराराचा मसुदा ऑफर स्वीकारण्याआधीच प्लेसमेंट अधिकाऱ्यांमार्फत मागवावा, कारण एकदा ऑफर स्वीकारली की अनेक कॉलेजांच्या नियमांनुसार पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही.

त्या मुलीने तसेच केले. तिने तीन प्रश्न पाठवले: बॉण्ड कोणत्या तारखेला संपतो, रक्कम महिन्यागणिक कमी होते का आणि जामीनदाराशिवाय चालेल का. आठ दिवसांनी उत्तर आले. तारीख बदलली नाही. पण सेवा जसजशी पूर्ण होईल त्या प्रमाणात रक्कम घटेल, हे कंपनीने लेखी मान्य केले आणि जामीनदाराची अट काढून टाकली. 31 डिसेंबर 2027 ही तारीख तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आणि मगच ऑफर स्वीकारल्याचे कळवले.