या चुका टाळा: दोन तिरक्या रेषा मारल्या म्हणजे चेक सुरक्षित झाला असे नाही

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत बाहेरगावचे थ्रेशर गावात येते, मालक सोबत असतोच असे नाही, आणि भाड्याचा चेक चालकाच्या हाती देऊन मोकळे होण्याची रीत आपल्याकडे आहे. समजा, भाडे 7,000 रुपये झाले. चेकवर मालकाचे नाव, रक्कम, सही आणि डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा एवढे झाले की काम चोख झाले, असे बहुतेकांना वाटते. मात्र त्यात एक मोठी फट राहिलेली असते.

पैसे कुणाला द्यायचे आणि कोणत्या मार्गाने द्यायचे, हे चेकवर दोन वेगवेगळ्या जागी ठरते. नावाच्या ओळीच्या शेवटी ‘या धारक को’ किंवा ‘ऑर बेअरर’ असे छापलेले असते. ते तसेच राहिले तर चेक बेअरर, म्हणजे ज्याच्या हातात असेल त्याचा. ते शब्द खोडले की तो ऑर्डर चेक होतो, म्हणजे नाव लिहिलेल्या माणसाला किंवा त्याने मागे सही करून ज्याच्या नावे केला त्यालाच पैसे मिळू शकतात. तिरक्या समांतर रेषा या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहेत: रक्कम काउंटरवर रोख मिळणार नाही, ती बँक खात्यातच जमा होईल. कुणाच्या खात्यात, हे मात्र त्या रेषा सांगत नाहीत.

म्हणून वरच्या चेकवर ‘धारक’ शब्द न खोडता केवळ रेषा मारल्या, तर चालकाने किंवा रस्त्यात तो सापडलेल्या कुणीही आपल्या खात्यात भरण्याचा प्रयत्न करावा, एवढी वाट उघडी राहते. काही शाखा नाव जुळत नाही म्हणून हरकत घेतात, पण त्यांच्या दक्षतेवर आपण विसंबून राहू नये. रेषांच्या मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिले आणि ‘धारक’ खोडले की ही वाट बंद होते, कारण असा चेक नाव असलेल्या व्यक्तीच्याच खात्यात जमा करावा, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. दुसऱ्याच्या हाती चेक पाठवायचा असेल तर माझ्या मते याहून कमी काही करूच नये.

उलट चूकही होते. कापूस वेचणाऱ्या मजुराला त्याच दिवशी रोख हवी असते आणि आपण सवयीने रेषा मारून देतो. मग तो तालुक्याच्या बँकेतून हात हलवत परत येतो. रोखीसाठी रेषा न मारता ‘धारक’ खोडलेला ऑर्डर चेक द्यावा, त्याला आधार कार्ड सोबत नेण्यास सांगावे आणि चेकवर नाव आधार कार्डावरच्याप्रमाणेच पूर्ण लिहावे. गावात ज्या नावाने हाक मारतात ते नाव चेकवर चालत नाही.

आता रकमेकडे पाहू. ‘सात हजार’ हे शब्द ओळीच्या मधोमध लिहिले आणि अलीकडे जागा सोडली, तर तिथे ‘एक लाख’ सहज बसते. चौकटीत 7,000 च्या आधी मोकळी जागा असली तर 1 आणि 0 घालून 1,07,000 होतात. अक्षरे ओळीच्या अगदी सुरुवातीपासून लिहावीत, शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ ओढावी, आणि आकडा रुपयाच्या चिन्हाला चिकटवून शेवटी /- करावे. पुसता येणारे पेन वापरू नये. नाव किंवा रक्कम चुकली तर खाडाखोड करून सही मारण्यात अर्थ नाही, कारण चेकची प्रतिमा पाठवून होणाऱ्या सीटीएस पद्धतीच्या क्लिअरिंगमध्ये तारखेखेरीज इतर दुरुस्ती चालत नाही. तो चेक रद्द करून नवा लिहावा.

कृषी केंद्रात उधारीपोटी सही केलेला कोरा चेक ठेवण्याची पद्धत सर्वात धोक्याची आहे. कोऱ्या चेकवर रक्कम नंतर भरली गेली तरी तो देण्यामागे देणे होते असेच न्यायालय आधी गृहीत धरते, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. द्यावाच लागला तर नाव व रक्कम भरून द्यावा आणि कशासाठी दिला याची पावती घ्यावी.

चेक हाती देताना त्याचा क्रमांक, तारीख आणि रक्कम चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर लिहून चालकाची सही घ्यावी व मालकाला फोनवर कळवावे. चेक तारखेपासून 3 महिने चालतो, तेव्हा तो महिनाभर कुठे जमा झाला नाही तर चौकशी करावी. हरवल्याचे कळताच शाखेला फोन करून लगेच लेखी अर्जाने पेमेंट थांबवावे. बेअरर चेकचे पैसे बँकेने रीतसर आधीच दिले असतील, तर त्या अर्जाचा उपयोग राहत नाही.