प्रोबायोटिक-प्रीबायोटिकचे क्लेमवाले प्रश्न : एक कप योगर्ट घेऊन सोडवलेला

नागपूरला फूड टेक्नॉलॉजी शिकताना फंक्शनल फूडच्या पेपरात मला एक गोष्ट दरवेळी दिसली, व्याख्या सगळ्यांना येतात पण "या लेबलवर हा क्लेम चालेल का" असं विचारलं की पोरं अडकतात, म्हणून एक पूर्ण प्रश्न सोडवूनच दाखवतो.

समजा 100 ग्रॅमचा कप आहे, योगर्टचं नेहमीचं विरजण आणि 4 ग्रॅम चिकोरी इन्युलिन, रोज एक कप खायचा. एक ग्रॅम नमुन्याच्या 10⁻⁶ डायल्युशनमधून 0.1 मिली प्लेटवर पसरवलं आणि 45 कॉलनी आल्या. म्हणजे 45 ÷ (0.1 × 10⁻⁶) = 4.5 × 10⁸ सीएफयू प्रति ग्रॅम. तो 0.1 विसरला की उत्तर दहापट कमी येतं आणि मग पुढचा सगळाच निकाल उलटतो, सांभाळून.

आता युरोपियन युनियनचा नियम. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांना त्या योगर्टमधलं लॅक्टोज पचायला मदत होते, हा क्लेम मंजूर आहे, अट आहे प्रति ग्रॅम किमान 10⁸ जिवंत स्टार्टर, आणि ते बुल्गारिकस व थर्मोफिलसच पाहिजेत. आपला कप पास. पण प्रश्नात थर्मोफिलसच्या जागी रॅम्नोसस दिला असेल तर काउंट कितीही येऊ द्या, हा क्लेम नाही. परीक्षक इथेच गंमत करून ठेवतात!

इन्युलिनचा क्लेम वेगळा, शौचाची वारंवारता वाढून पोट साफ राहायला मदत, आणि त्यासाठी दिवसाला 12 ग्रॅम नेटिव्ह चिकोरी इन्युलिन पोटात जायला पाहिजे. आपल्या कपात 4, रोज एकच कप, म्हणून नाही. तीन कप सुचवले तर हिशोब जुळतो. "बद्धकोष्ठता बरी करतो" मात्र कधीच लिहायचं नाही, तो रोगावरचा दावा झाला.

मग काहून गोंधळ होतो? भारतात एफएसएसएआयच्या नियमात प्रोबायोटिक फूडला 10⁸ सीएफयू लागतात ते दिवसाच्या सर्व्हिंगमध्ये, प्रति ग्रॅम नाही. आकडा तोच, एकक वेगळं, 100 ग्रॅमच्या कपात शंभरपट फरक. उत्तरात आधी नियम कोणत्या देशाचा ते लिहा, मगच आकडा. काउंट कोणत्या दिवशीचा तेही बघा, आपल्या मे महिन्यात फ्रिजबाहेर राहिलेला कप घ्या, आंबटपणा वाढत जातो अन् बॅक्टेरिया मरत जातात, म्हणून पॅकिंगच्या दिवशीचा नाही तर एक्स्पायरीपर्यंत टिकणारा काउंट धरायचा.

याच कपाला सिनबायोटिक म्हणता येईल का असाही उपप्रश्न येतो. जिवंत जीवाणू अन् इन्युलिन एकत्र टाकले एवढ्यानं नाही होत, 2020 च्या व्याख्येप्रमाणे त्या मिश्रणाचाच फायदा अभ्यासातून दिसला पाहिजे, आणि प्रश्नात तसा डेटा दिला नसेल तर "सिद्ध नाही" असंच लिहा.