एफडी किंवा फंडाचे युनिट्स तारण ठेवून कर्ज काढताय? या चुका टाळा

गुंतवणूक मोडायची नाही, पण पैसा तर हवा आहे, अशा वेळी तारण कर्ज सोयीचं पडतं. बँक एफडीच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देते. इक्विटी फंडाच्या युनिट्सवर सहसा बाजारभावाच्या निम्मी रक्कम मिळते. दोन्हींवर लियन लागतो, म्हणजे मालकी तुमचीच राहते, पण फेड होईपर्यंत ते विकता किंवा मोडता येत नाहीत. खरं नुकसान होतं ते पुढच्या चुकांमुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे युनिट्सवर मिळालेली पूर्ण मर्यादा वापरणं. समजा, 10 लाखांचे युनिट्स तारण ठेवले आणि मिळालेले 5 लाख पूर्ण उचलले. बाजार 20 टक्के पडला की युनिट्स 8 लाखांचे होतात आणि मर्यादा 4 लाखांवर येते. कर्ज मात्र 5 लाखच आहे. मग 1 लाख भरा किंवा आणखी 2 लाखांचे युनिट्स तारण द्या, असा निरोप येतो. त्यासाठी किती दिवस मिळतात ते करारात लिहिलेलं असतं, आणि ते मोजकेच असतात. तेवढ्यात जमलं नाही, तर कर्ज देणारी संस्था तुम्हाला न विचारता युनिट्स विकू शकते.

इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. 1 लाखाची तूट भरून काढायला 1 लाखाचे युनिट्स विकून भागत नाही, कारण विक्रीमुळे तारणही घटतं. या उदाहरणात 2 लाखांचे युनिट्स विकावे लागतात. मग 6 लाखांच्या तारणावर 3 लाखांचं कर्ज उरतं आणि निम्म्याचं प्रमाण पुन्हा जुळतं. म्हणजे जे विकायचं नव्हतं, तेच पडलेल्या भावात विकलं गेलं. त्यावर नफा निघाला तर कर तुमच्याच नावावर लागतो, आणि युनिट्स घेऊन वर्ष झालं नसेल तर बहुतेक इक्विटी फंडांत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्कही कापलं जातं.

म्हणून 10 लाखांच्या इक्विटी युनिट्सवर 3 लाखांच्या पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. 3 लाखांवर तूट येण्यासाठी युनिट्सचं मूल्य 6 लाखांच्या खाली, म्हणजे 40 टक्क्यांहून अधिक पडावं लागतं. 2020 मध्ये निफ्टी जानेवारीतल्या उच्चांकापासून 23 मार्चपर्यंत सुमारे 38 टक्के घसरला होता. तेवढ्या घसरणीतही हे कर्ज जेमतेम तरलं असतं, पण व्याज दरमहा भरलं असेल तरच. साडेदहा टक्के दराने 3 लाखांचं महिन्याचं व्याज सुमारे 2,625 रुपये होतं. चार महिने ते थकलं तर कर्ज 3,10,500 वर जातं, आणि 38 टक्के घसरणीनंतरची मर्यादा असते 3,10,000. असं कर्ज सहसा ओव्हरड्राफ्ट म्हणून मिळतं, म्हणजे मर्यादेत हवे तेवढे पैसे उचलायचे आणि जमेल तसे फेडायचे. त्यात ठरलेला हप्ता नसतो, त्यामुळे व्याज असं नकळत साचत जातं. त्यासाठी खात्यातून आपोआप वजावट लावून ठेवा.

एफडीला बाजाराची धास्ती नाही, तिथली चूक वेगळी आहे. एफडी 7 टक्के देते, कर्ज 8 टक्क्यांनी मिळतं, मग खर्च फक्त एक टक्का, असं धरलं जातं. पण एफडीच्या व्याजावर कर लागतो आणि घरखर्चासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज त्यातून वजा होत नाही. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात 7 मधले 4.9 टक्केच राहतात, म्हणजे खरा फरक 3.1 टक्क्यांचा. एफडी संपायला दोन महिने उरले असतील तर कर्जच बरं, कारण मोडल्यास पूर्ण झालेल्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून सहसा अर्धा ते एक टक्का दंड कापला जातो. एफडी नुकतीच ठेवली असेल आणि पैसा वर्षभर परत येणार नसेल, तर मात्र ती मोडणंच स्वस्त पडू शकतं. बँकेकडून दोन्ही आकडे लेखी घ्या आणि कर धरून ताडून पाहा.

काही तारणं मुळातच चालत नाहीत. पाच वर्षांची करबचत एफडी आणि तीन वर्षांच्या आत असलेले ईएलएसएस, म्हणजे करबचत इक्विटी फंडाचे युनिट्स यांवर कर्ज मिळत नाही. संयुक्त नावाच्या एफडीवर सगळ्या धारकांच्या सह्या लागतात, त्यामुळे दुसरा धारक परगावी असेल तर ऐन गरजेच्या वेळी अडचण होते.

लियन लागलेल्या युनिट्सच्या फोलिओवर, म्हणजे फंडातल्या खात्यावर, एसडब्ल्यूपी म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम काढण्याची सोय चालू असेल तर मोकळे युनिट्स संपताच तो फसतो. कर्ज काढण्याआधी तो दुसऱ्या फोलिओवर वळवा. कर्ज फेडल्यावरही लियन आपसूक उठला असं धरून चालू नका. ओव्हरड्राफ्टची बाकी शून्य झाली तरी खातं चालू असेल तर लियन तसाच राहतो. खातं बंद करण्याचा अर्ज द्या, आणि काही दिवसांनी फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या पोर्टलवर जाऊन युनिट्स मोकळे दिसतात का ते पाहा.