ग्रॅच्युइटीच्या बजेटला निवृत्तीच्या दिवशीचा पगार धरा

कोल्हापुरातल्या एका विनाअनुदानित शिक्षणसंस्थेचे हिशेब मी बघतो. मागच्या खेपेला पाच वर्षांचं निवृत्तीचं बजेट त्या मार्चच्या पगारपत्रकावर मांडलं. मध्ये पगारवाढ झाली आणि देणी द्यायला शाहूपुरीतल्या बँकेत जाऊन मुदतठेव मोडावी लागली. या वर्षी बजेटला बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

नावं आणि जन्मतारखा काढालच. रुजू तारीख मात्र पहिल्या नेमणुकीची घ्या, कायम केल्याची नको. सलग नोकरी असेल तर हंगामी वर्षंही धरावी लागतात. अनुदानित पदांवरची माणसं वेगळी काढा, त्यांचं निवृत्तिवेतन शासनाकडून येतं.

आता मुख्य गोष्ट. पगार आजचा नाही, निवृत्तीच्या दिवशीचा धरायचा. एक उदाहरण घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये, नोकरी २५ वर्षं. २६ ने भागून १५ ने गुणलं आणि वर्षांनी गुणलं की ग्रॅच्युइटीचे ५ लाख ७७ हजार येतात. मी तेवढेच लिहिले होते. पण हा माणूस चार वर्षांनी निवृत्त होणार. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर पगार ५४,४२० होतो, नोकरी २९ वर्षं, आणि देणं ९ लाख १० हजारांवर जातं. चार वर्षं वाढली म्हणून एवढा फरक पडत नाही. वाढलेला पगार मागच्या पंचवीसही वर्षांना लागतो, म्हणून पडतो. तेव्हा प्रत्येक नावापुढे आजच्या पगाराशेजारी निवृत्तीच्या दिवशीचा पगार असा वेगळा रकाना कराच. तो रिकामा असेल तर बजेट कार्यकारिणीपुढे नेऊ नका.

त्यात आणखी भर म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे. घरभाड्यासारखे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग हिशेबाच्या पगारात मिळवावा लागतो. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवलेल्या संस्थांनी हे आधी तपासावं.

पेन्शनचं ओझं त्या मानाने हलकं. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत संस्थेचा हिस्सा ८.३३ टक्के, तोही सहसा १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,२५०. पेन्शन तिकडूनच मिळते. थकलेले महिने मात्र शोधा, त्यावर व्याज आणि दंड लागतो.

३१ मार्चला निवृत्त होणाऱ्याचे पैसे तीस दिवसांत द्यायचे, म्हणजे रोख एप्रिलमध्ये जाते. पुढच्या वर्षात लिहा. नोकरीत असतानाच कोणाचा मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या नोकरीची अट नसते, त्यासाठी थोडी रक्कम राखा. आयुर्विम्याच्या गट योजनेत पैसे असतील तर ते सगळ्यांचे आहेत, फक्त निवृत्त होणाऱ्यांचे नाहीत. ठेवींची मुदत निवृत्तीच्या महिन्याआधी संपेल अशी लावा. आणि पगारवाढीचा ठराव झाला की त्याच आठवड्यात तो रकाना पुन्हा भरा.